निरोपाला जोडलेली एक ओळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, "यंदा तुम्ही बोला, आणि पत्रांविषयी बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई. चार माणसांपुढे काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "इमारतीतल्या निम्म्या बायका बारशाचा नाही तर वाढदिवसाचा निरोप लिहून झाला की तुम्हालाच दाखवायला आणतात, हे मला ठाऊक आहे." ते खरे आहे. पण त्या माझ्याकडे का येतात, हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या हातून एका म्हणीने एक घर दुखावले होते, आणि ते सावरायला मला चार वर्षे लागली. तेव्हापासून निरोपात म्हण लिहिताना माझा हात थबकतो. तीच हकीकत आज सांगते. त्यातून जे उमगले, तेच माझे भाषण.

२०१८ सालच्या पावसाळ्यात आमच्या ह्यांचे हृदयाचे मोठे ऑपरेशन झाले. विम्याचे पैसे पुरले नाहीत. माझा थोरला भाऊ कुडाळकडे असतो. दादाला मी फोनवर रडत रडत एवढेच सांगितले, की ऐंशी हजार कमी पडतात. तिसऱ्या दिवशी पैसे आले. कुठून आले हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. हे घरी आले, पूनम सागरचा जिना धरून धरून चढले, आणि त्या रात्री मी वहिनीला व्हॉट्सॲपवर आभाराचा निरोप लिहिला. वर गणपतीचे चित्र घातले, खाली फुले घातली, आणि मधे लिहिले, "वहिनी, तुमची मदत म्हणजे आम्हांला बुडत्याला काडीचा आधार झाला."

मला वाटले, काय छान लिहिले! साधे "आभारी आहे" म्हणण्यापेक्षा जरा भारदस्त. वहिनीचे उत्तर आले, नुसते जोडलेले हात. त्या वर्षी गणपतीला माहेरी गेले, तर वहिनी चहापाण्याला चुकली नाही, वागण्यातही चुकली नाही, पण पूर्वीसारखी माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली नाही. मला कळेना काय झाले. पुढे एका लग्नात आत्याने मला बाजूला घेतले आणि सांगितले, "अगं, तिनं आपल्या दोन्ही पाटल्या बँकेत तारण ठेवल्या तुझ्यासाठी. लग्नाकार्यात हात पदराआड धरून बसते. आणि तू तिला काडी म्हणालीस!"

भगिनींनो, ती म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण आत डोकावून कधी पाहिली नव्हती. बुडणारा माणूस काडी धरतो. काडीने कोणी तरतो का? नाही. ती म्हण बुडणाऱ्याच्या केविलवाण्या अवस्थेविषयी आहे, आधाराच्या मोलाविषयी नाही. मला स्वतःची लाचारी सांगायची होती, आणि सांगता सांगता वहिनीच्या सोन्याची मी काडी केली. हीच म्हण मी ऑपरेशनच्या आदल्या रात्री लिहिली असती, की डॉक्टरांच्या "बघू या" एवढ्या शब्दाचाच काय तो बुडत्याला काडीचा आधार आहे, तर ती चपखल बसली असती. म्हण तीच, जागा चुकली.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी. म्हणीत पात्रे असतात. नाटकात असतात तशी. निरोप पाठवण्याआधी एकेका पात्राच्या जागी कोण बसते आहे, ते मोठ्याने म्हणून पाहावे. एखादी मुलगी परीक्षेत पहिली आली. कोणीतरी हौसेने लिहिते, "वासरांत लंगडी गाय शहाणी!" आता वासरे कोण? तिच्या मैत्रिणी. आणि लंगडी गाय कोण? तीच बिचारी पोरगी. एकीला बऱ्याच वर्षांनी मूल झाले, आणि तेही जुळे. तिला लिहिले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन." लिहिणारीच्या मनात देवाची कृपा आहे, पण वाचणारीच्या मनात आंधळा राहतो. जाऊबाईंची नवी सून आली, तिच्याविषयी लिहिले, "दगडापेक्षा वीट मऊ." मग दगड कोण, याचा शोध सुरू होतो, आणि तो सापडतोच!

असे का होते, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या मंडळाच्या कपाटात दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' आहे. त्याची पाने चाळली की एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या बहुतेक म्हणी टोमण्याच्या आहेत. लबाडाला, आळशाला, कंजुषाला, फुशारकी मारणाऱ्याला चिमटा काढण्यासाठी त्या जन्मल्या. परक्यांनाही त्यांची गोडी लागली होती. आल्फ्रेड मॅनवेअरिंग नावाच्या साहेबाने १८९९ साली मराठी म्हणी इंग्रजी अर्थासकट छापल्या. पण चिमट्याने कोणी कुरवाळत नाही. मायेच्या निरोपात बसतील अशा म्हणी शंभरांत पाच-दहा निघतील. तेव्हा "कुठली तरी म्हण घालू या" असे म्हणून शोधायला बसले, की हाताला टोमणाच लागायचा.

ज्या थोड्या बसतात, त्यांतही कोणी कोणाला म्हणायचे ते ठरलेले असते. "फूल ना फुलाची पाकळी" घ्या. ही देणाऱ्याने स्वतःच्या देण्याविषयी म्हणायची म्हण आहे. मुंजीच्या आहेराच्या पाकिटावर मी लिहिले, की फूल ना फुलाची पाकळी, गोड मानून घ्या, तर ती नम्रता झाली. पण पाकीट घेणारीने उलट लिहिले, की तुमची फुलाची पाकळी पोचली, तर तो अपमान झाला! शब्द तेच, तोंड बदलले. तसेच "घरोघरी मातीच्या चुली". मैत्रिणीने आपल्या घरातली कुरबुर मन मोकळे करून सांगितली, तर मी हे लिहू शकते, पण आधी माझ्या घरची एक चूल उघडी करून. "आमच्याकडेही परवा मीठ कमी पडले म्हणून दोन दिवस अबोला होता. घरोघरी मातीच्या चुली." असे लिहिले तर तिला सोबत वाटते. माझे काही न सांगता नुसती म्हण फेकली, तर तिच्या दुःखाला मी सामान्य ठरवले असे होते.

आपण राहतो त्या मीरा रोडचीही एक गोष्ट यात आहे. आपल्या मजल्यावर एक दार मराठी, एक गुजराती, एक उत्तर हिंदुस्थानी असे असते. मराठी म्हण दुसऱ्या भाषेच्या बाईला लिहिली तर ती कोड्यात पडते, आणि अर्थ विचारायला लाजते. मग म्हण सोडावी आणि साधे लिहावे. पण कधी कधी गंमत होते. समोरच्या गुजराती बेनना संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा डबा पाठवला, वर चिठ्ठीत हिंदीत लिहिले की फूल नाही तर पाकळी समजून घ्या. त्या डबा परत द्यायला आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "अमारामां पण एज छे, फूल नहीं तो फूलनी पांखडी!" तीच म्हण त्यांच्या आईच्या तोंडची होती. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांत डबे रिकामे जात नाहीत. तेव्हा शेजारणीची भाषा वेगळी असेल तर आधी विचारावे, "तुमच्यात याला काय म्हणतात?" ते विचारणेच पुष्कळदा म्हणीपेक्षा गोड लागते.

आता म्हणीकडून दोन ओळींच्या कवनाकडे येते. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या बायकांच्या तोंडून जमवल्या आहेत. त्या ओव्या रचणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. मग आपण सातवी-दहावी झालेल्या बायकांनी दोन ओळी जुळवायला भ्यायचे काय कारण? पण त्या बायकांचे गुपित ध्यानात घ्यायला हवे. ओवीत त्या "माझा भाऊ फार चांगला" असे म्हणून थांबत नाहीत. भाऊ कोणत्या वाटेने आला, त्याच्या अंगात काय होते, त्याला पाहून बहिणीने हातातले काय टाकले, हे सांगतात. डोळ्यांनी पाहिलेली एक वस्तू ओवीत असते. त्या वस्तूमुळे ती ओवी त्या भावाची होते.

उखाण्याचेही तसेच. हळदीकुंकवाला आपण उखाणे घेतो, त्यांत पुष्कळदा पहिली ओळ नुसती यमकाची सोय असते. चांदीच्या ताटात काहीतरी असते, आणि शेवटी रावांचे नाव येते. त्या ताटात कुठलेही राव बसतात. सभेत ते चालते, कारण तिथे नाव घेणे हीच गंमत आहे. पण एका माणसाला लिहिलेल्या निरोपात तसे यमक घातले, की ते पाठवणारीच्या हौसेचे होते, घेणारीचे राहत नाही. म्हणून दुसरी कसोटी. आपण लिहिलेली ओळ दुसऱ्या कोणाच्या नावावर पाठवता येते का, ते पाहावे. येत असेल, तर ती ओळ सुंदर असूनही काढून टाकावी.

पूर्वी तारखात्याची शुभेच्छांची तार असे. ठराविक वाक्ये छापलेली असत, प्रत्येकाला नंबर असे, आणि आपण फक्त नंबर सांगायचा. ती सोय होती, आणि घाईच्या वेळी चांगली होती. २०१३ साली तार बंद झाली, पण नंबराचा निरोप बंद झालेला नाही. सकाळी उठून फुलांच्या चित्रावर छापलेला सुविचार आपण दहाजणींना पाठवतो, तो नंबराचाच निरोप. त्याचा राग कोणी धरीत नाही, पण तो कोणी जपूनही ठेवीत नाही.

आता पुन्हा वहिनीकडे. आम्ही पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. मधे टाळेबंदी आली, ह्यांचा पगार अर्ध्यावर आला, म्हणून लांबले. २०२२ च्या दिवाळीआधी शेवटचे दहा हजार पाठवायचे होते. पाटल्या त्या पैशांनी सुटणार होत्या. मी ठरवले, की या वेळी पैशांबरोबर अंतर्देशीय पत्र लिहायचे, आणि काडीचे उट्टे काढायचे. तीन कागद वाया गेले. ते तिन्ही तुम्हांला सांगते, कारण चुका त्यांतच दिसतात.

पहिल्या कागदावर मी एक म्हण, एक उखाण्यासारखे यमक आणि एका संताच्या अभंगाचा चरण असे तिन्ही घातले. सासूबाईंना वाचून दाखवले. त्या वाती वळत होत्या. ऐकून म्हणाल्या, "छान आहे. पण यात तुझी वहिनी कुठे आहे गं?" मी पाहिले, तर खरेच नव्हती. एक सजावट दुसरीला झाकत होती. आणि अभंगाविषयी त्या म्हणाल्या ते माझ्या मनात राहिले आहे. त्या म्हणाल्या, "अभंग उपदेशाला असतो. तो लिहिलास की तू कीर्तनकार आणि ती समोर बसलेली. जिचे आपण देणे लागतो, तिला का उपदेश करायचा?" संतांची वाणी थोर, पण ती पत्रात घालताना आपण उंच पाटावर बसत नाही ना, हे पाहायला हवे.

दुसऱ्या कागदावर मी स्वतः दोन ओळी रचल्या. त्यांत वहिनीला अन्नपूर्णा म्हटले, लक्ष्मी म्हटले. सासूबाईंनी मान हलवली. "देवी केलीस की ती बापडी काय उत्तर देणार? देवीला बोलता येत नाही, नुसता नमस्कार घ्यावा लागतो." हेही पटले. फार मोठे विशेषण लावले, की समोरच्याला संकोच होतो, आणि संकोच झाला की माणूस दूर सरकतो. कोणी मला अन्नपूर्णा म्हणून पत्र पाठवले, तर मला तो आमटीत मीठ विसरलेला दिवस आठवेल!

तिसऱ्या कागदावर मी वेगळे केले. आधी एकही ओळ न सजवता साधे पत्र लिहिले. काय झाले होते, काय चुकले, पैसे किती पाठवते आहे. ते पत्र तसेच पाठवले तरी पुरेल, असे वाटेपर्यंत लिहिले. मग स्वतःला विचारले, वहिनीच्या बाबतीत मी डोळ्यांपुढून घालवू शकत नाही अशी वस्तू कोणती? तर पदराआड धरलेले हात. ते मी पाहिले नव्हते, आत्याने सांगितले होते, पण तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे होते. त्या हातांवरून दोन ओळी जुळल्या. जात्यावरच्या चालीवर म्हणून पाहिल्या. जिथे जीभ अडली तो शब्द बदलला. आधी मी "सुवर्णकंकणे" लिहिले होते. आमच्या घरात तो शब्द कोणी बोलत नाही, म्हणून तो काढला. जो शब्द मी वहिनीशी ओट्याशी उभी राहून बोलणार नाही, तो पत्रात तिला परका वाटणार. पत्र असे झाले:

"सौ. वहिनीस, सप्रेम नमस्कार. दादाच्या खात्यात आज दहा हजार भरले. आता सगळे फिटले. तुमच्या पाटल्या दिवाळीआधी सोडवून आणा. चार वर्षांपूर्वी मी तुम्हांला काडीची म्हण लिहिली. ती माझी चूक होती. तुम्ही काय दिले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, पण न विचारणे हीही चूकच. लग्नात तुम्ही हात झाकून बसलात, हे मला मागाहून कळले. तेव्हापासून दळण निवडताना मनात येते ते लिहिते:

हात मोकळे वहिनीचे, पदराआड झाकले
माझ्या कपाळीचे कुंकू, त्याच हातांनी राखले.

ह्यांची तब्येत बरी आहे. सकाळी स्टेशनपर्यंत चालून येतात. भाऊबीजेला येते. येताना तुमच्या आवडीचे सुके बोंबील आणते. तुमची, वन्सं."

या पत्रातल्या चार गोष्टी तुम्हांला दाखवते.

पहिली, चूक कबूल केली ती साध्या वाक्यात. माफीच्या जागी म्हण नको, कवन नको. तिथे सजावट केली, की माणूस सुटका करून घेतो आहे असे वाटते.

दुसरी, दोन ओळी कुठे आहेत ते पाहा. आरंभी नाहीत आणि अगदी शेवटीही नाहीत. आरंभी घातल्या तर वाचणारी म्हणते, "हं, आता कार्यक्रम सुरू झाला." अगदी शेवटी घातल्या तर त्या टाळीची वाट पाहत उभ्या राहतात. मजकूर सांगून झाला, ओळी आल्या, आणि त्यांच्यामागे लगेच तब्येत, स्टेशन, सुके बोंबील. म्हणजे वहिनीला गहिवरून आले तरी पुढे बोंबलांवर बोलायला जागा राहिली. भारी ओळीनंतर एक हलके वाक्य हवे. त्याने ओळीचा ताठा जातो.

तिसरी, मी "एक कवी म्हणतो" किंवा "मी एक कवन रचले आहे, ते गोड मानावे" असे काही लिहिले नाही. "दळण निवडताना मनात येते ते लिहिते," एवढेच. ओळीची दवंडी पिटली, की वाचणारीला कौतुक करणे भाग पडते. म्हणीचेही तसेच. "आपल्यात एक सुंदर म्हण आहे" असे म्हणू नये. जिच्याशी जुना घरोबा आहे, तिला तर अर्धीच म्हण लिहावी. "थेंबे थेंबे... आणि बघ, भिशीतून शिलाईमशीन आले की नाही!" उरलेली म्हण ती मनात पुरी करते, आणि ते दोघींचे होते. अर्धी म्हण ओळखीच्या माणसालाच कळते, म्हणून तिच्यात ओळखीची ऊब असते.

चौथी, हे पत्र एकटीला होते. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर मी त्याच दोन ओळी टाकल्या असत्या, तर पंचवीस जणांना कळले असते की वहिनीच्या पाटल्या तारण होत्या. जे तिने पदराआड झाकले, ते मी गावभर केले असते, आणि वर कवनाचे कौतुक मला मिळाले असते! म्हणून ज्या ओळीत समोरच्याचे काही खासगी आहे, ती चारचौघांत लिहू नये. चारचौघांत साधे अभिनंदन पुरते.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे कुठे काहीच जोडू नये. मृत्यूच्या निरोपात पहिल्या दिवसांत म्हण नको, कवन नको, "आला तो जाणारच" असला विचारही नको. ते खरे असते, पण त्या घरी ते कोणाला नव्याने कळायचे नसते. मागच्या वर्षी आपल्या इमारतीतल्या एका बाईंचे यजमान गेले. मी लिहिले, "मी खाली आहे. संध्याकाळचा भात-आमटीचा डबा आणते. भांडी परत करायची घाई नको." एवढेच. दोन-तीन महिन्यांनी मात्र त्यांना चिठ्ठी लिहिली, की पावसात तुमचे यजमान माझी पिशवी घेऊन फाटकापासून जिन्यापर्यंत आले होते. तीही कवन नव्हती, आठवण होती. मला वाटते, आठवण हीच सगळ्यात चांगली ओळ. म्हण आणि कवन तिच्या मागे येतात, तिची जागा घेत नाहीत. पैसे मागण्याच्या निरोपातही म्हण घालू नये. उसने मागताना "एकमेकां साह्य" असे काही लिहिले, की समोरच्याला नाही म्हणणे अवघड होते. मागणे उघडे असावे, म्हणजे नकारही उघडेपणाने देता येतो.

वहिनीचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. पत्र पोचायला आठ दिवस लागले. मग एका दुपारी फोन आला. म्हणाली, "वन्सं, ती काडीची गोष्ट तुम्ही अजून लक्षात ठेवलीत होय? मी तर कधीच विसरले!" विसरली नव्हती, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होते. मग बराच वेळ बोंबलांवर बोललो. भाऊबीजेला गेले तेव्हा मी ओट्याशी नारळ खवत होते. वहिनी आली आणि माझ्याजवळ पाट ओढून बसली. पाटल्या हातात होत्या. त्या ओळींविषयी ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. फक्त कपाटातून हळद काढताना मला डब्याखाली घडी घातलेले ते निळे अंतर्देशीय पत्र दिसले.

भगिनींनो, मला वेळ संपल्याची खूण झाली आहे. उद्यापासून कोणी निरोप दाखवायला आणला, तर मी तुम्हांला दोनच प्रश्न विचारणार आहे. या म्हणीत काडी कोण झाले? आणि या ओळीत तुमची ती बाई कुठे आहे? त्यांची उत्तरे घरीच मिळाली, तर माझ्याकडे यायचे कारण नाही. तरी या. चहा तयार असतो.